मोठ्या वयातील खतना : जखम भरेपर्यंतचे दिवस

आपल्या घरात खतना म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो नवा कुर्ता घातलेला, गळ्यात हार असलेला चार-पाच वर्षांचा मुलगा. त्याच्याभोवती अम्मी, नानी, खाला, फुफी अशा साऱ्याजणी असतात. त्याची जखम दिवसातून चार वेळा पाहिली जाते आणि थोडे जरी रक्त दिसले तरी सगळे घर गोळा होते. पण हीच गोष्ट अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची असेल तर? त्याची जखम कोण पाहणार, आणि तो तरी कुणाला दाखवणार?

मोठ्या वयात खतना करून घेणारे आपल्यात वाटतात त्यापेक्षा बरेच असतात. कुणाची लहानपणी आजारपणामुळे राहून जाते. कुणी पुढे इस्लाम स्वीकारतो. कुणाला मधुमेहामुळे पुढची कातडी वारंवार सुजून आवळली जाते आणि डॉक्टरच शस्त्रक्रिया सांगतात. हे सारे गुपचूप उरकले जाते. त्यामुळे नंतर काय होते, किती सूज यावी, किती रक्त चालते, कोणत्या खुणेला धावत दवाखाना गाठावा, हे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात जातच नाही. आम्ही येथे एका तरुणाची हकीगत सांगत आहोत. त्याच्या आणि त्याच्या मामूंच्या परवानगीने ती लिहिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

हा तरुण सांगली जिल्ह्यातला, एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारा. तो चार वर्षांचा असताना वडील वारले. आई त्याला घेऊन माहेरी आली आणि त्या धावपळीत खतना राहिली ती राहिलीच. पुढे वय वाढले तशी लाज वाढली. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे लग्न ठरले, तारीख निघाली, तेव्हा त्याने मामूंना एकट्याला गाठून सांगितले. मामूंनी जवळच्या शहरात सर्जन शोधला. निकाहला तीन आठवडे राहिले होते. "आठ दिवसांत बरा होतो माणूस," असे मामूंना कुणीतरी सांगितले होते. ते लहान मुलांच्या बाबतीतले सांगणे होते, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

घरी येताना

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी झाली. लिंगाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन भाग बधिर केला गेला. पुढची कातडी काढली, रक्तवाहिन्या बंद केल्या आणि कातडीच्या दोन कडा सगळीकडून गोल टाके घालून जोडल्या. हे टाके आपोआप विरघळणारे असतात, ते काढावे लागत नाहीत. जखमेवर व्हॅसलीन लावलेली गॉजची पट्टी, तिच्यावर कोरडी गॉज गुंडाळून चिकटपट्टी, असे ड्रेसिंग झाले. दुपारपर्यंत तो घरी होता. हातात औषधांची पिशवी आणि सूचनांचा एक कागद होता. कागद इंग्रजीत होता. तो घडी घालून खिशात राहिला.

त्या कागदावरची पहिली गोष्ट ड्रेसिंगची असते. ड्रेसिंग साधारण २४ ते ४८ तास राहू द्यायचे आणि तोवर कोरडे ठेवायचे. ते अंगासरशी बसलेले हवे, पण आवळलेले नको. हे कसे ओळखावे? ड्रेसिंगच्या बाहेर लिंगाचे टोक दिसत असते. त्याचा रंग गुलाबी किंवा लालसर असावा. बोटाने हलके दाबले की तिथला रंग फिका पडतो आणि बोट काढल्यावर दोनेक सेकंदांत परत येतो. रंग परत येत असेल तर रक्त नीट फिरते आहे. टोक निळे, जांभळट-काळे किंवा पांढरेफटक आणि थंड होऊ लागले तर ड्रेसिंग घट्ट झाले आहे असे समजून लगेच दवाखान्यात जावे. घरी येऊन सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. पहिल्या वेळी थोडी आग होते, धार वाकडी जाते, त्याची काळजी नको. पण पोट भरून आले आणि लघवी होतच नाही, तर रात्र काढू नये.

दुसरी गोष्ट कपड्यांची. आपल्याकडे अशा वेळी लुंगी नेसायला सांगतात, हवा लागावी म्हणून. लहान मुलाला ते चालते. मोठ्या माणसाचे लिंग लुंगीत खाली लोंबकळत राहिले की पाण्यासारखा द्रव खाली उतरून साचतो आणि सूज वाढते. म्हणून आत अंगाला बसणारी सुती चड्डी घालावी आणि लिंग वरच्या दिशेने, बेंबीकडे तोंड करून ठेवावे. पहिले आठ-दहा दिवस तरी हे पाळावे. वरून लुंगी असली तरी हरकत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने सूज आणि ठणका दोन्ही कमी राहतात.

दुखण्यासाठी बधिरपणा पूर्ण उतरण्याआधीच पहिली गोळी घ्यावी. साधारणपणे पॅरासिटामोल देतात. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, पुढच्या वेळेपर्यंत सहा तास जाऊ द्यावेत आणि २४ तासांत आठ गोळ्यांच्या पुढे जाऊ नये. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. ॲस्पिरीन मनाने घेऊ नये, तिने रक्त पातळ होते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नये. मात्र शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना तिची कल्पना द्यावी.

दुसऱ्या रात्री काय झाले

शुक्रवारची रात्र. तीनच्या सुमारास तरुणाला वेदनेने जाग आली. झोपेत लिंगाला ताठरता आली होती आणि टाके ओढले जात होते. त्याने पाहिले तर चड्डी ओली होती. दिवा लावला तेव्हा गॉज लाल झालेली दिसली.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती लाजेने कुणी बोलत नाही. निरोगी पुरुषाला झोपेत प्रत्येक रात्री तीन ते पाच वेळा ताठरता येते. तिचा मनातल्या विचारांशी संबंध नसतो. तो शरीराचा धर्म आहे, त्यात गुन्हा नाही. लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या खतनेत मोठा फरक पडतो तो इथेच. मोठ्या माणसाच्या टाक्यांवर दररोज रात्री ताण येतो आणि रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत, त्यातही रात्री होतो. म्हणून झोपण्यापूर्वी लघवी करून यावे. पाठीवर न झोपता कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊन झोपावे. जाग आली तर पडून न राहता उठावे, लघवी करावी आणि खोलीतल्या खोलीत पाच मिनिटे फिरावे. ताठरता उतरते आणि दुखणेही उतरते.

आता रक्ताचे. पहिल्या दोन दिवसांत ड्रेसिंगवर रुपयाच्या नाण्याएवढे डाग पडणे अपेक्षित आहे. डाग वाढतो आहे का, हे कळायला पेनने त्याच्या कडेभोवती रेघ ओढावी आणि अर्ध्या तासाने पाहावे. रेघेच्या आत राहिला तर काही करायचे नाही. रेघ ओलांडून पसरत गेला, गॉज भिजली किंवा थेंब पडू लागले, तर दाब द्यायचा.

दाब द्यायची रीत अशी. हात साबणाने धुवावेत. आडवे पडावे. स्वच्छ गॉजची घडी घ्यावी. गॉज नसेल तर धुतलेला, इस्त्री केलेला सुती रुमाल चालेल. ती रक्त येते त्याच जागेवर ठेवून अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये घट्ट धरावी. मग घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे तशीच धरावी. मध्ये उचलून पाहायचे नाही. बहुतेकजण इथेच चुकतात. दर मिनिटाला उचलून पाहतात आणि जमत आलेली रक्ताची गुठळी पुन्हा मोडते. दहा मिनिटांनी हळूच पाहावे. थांबले नसेल तर आणखी एकदा दहा मिनिटे. दुसऱ्यांदाही थांबले नाही, तर दाब तसाच धरून दवाखाना गाठावा. रक्त उडत असेल, गुठळ्या पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर पहिली दहा मिनिटे पुरी व्हायची वाटही पाहू नये. दाब देत देतच निघावे.

आमच्या तरुणाला यातले काही माहीत नव्हते. शेजारच्या खोलीत अम्मी झोपली होती, तिला उठवायची त्याला लाज वाटली. मामूंचे घर दोन गल्ल्या पलीकडे, पण रात्री तीन वाजता फोन कसा करायचा? त्याने जुन्या रुमालाची चिंधी फाडली, कापूस ठेवला आणि लिंगाभोवती चिंधी गच्च आवळून गाठ मारली. बोटाला कापले की आपण बांधतो तशी. रक्त थांबले. तो झोपला.

फजरच्या वेळी उठला तेव्हा लघवी होईना. चिंधीच्या पुढचा सगळा भाग सुजून टरटरलेला होता आणि टोक काळपट निळे पडले होते. आता मात्र त्याने मामूंना फोन केला. मामू मशिदीत जायला निघालेले, तसेच उलट फिरले. तासाभरात ते दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरांनी आधी चिंधी कापली. काही मिनिटांत टोकाचा रंग निवळू लागला आणि थोड्या वेळाने लघवीही झाली. मग त्यांनी रक्त कुठून येते ते पाहिले. टोकाच्या खालच्या बाजूला, जिथे कातडी दोरीसारखी जोडलेली असते, तिथे एक बारीक रक्तवाहिनी पुन्हा उघडली होती. खतनेनंतर रक्त येण्याची ही नेहमीची जागा. एक टाका घातला, नवे ड्रेसिंग केले आणि त्याला घरी पाठवले.

निघताना डॉक्टर मामूंना म्हणाले, "रक्ताने एवढा धोका नव्हता. दाब दिला असता तर बहुधा थांबलेच असते. धोका या चिंधीचा होता. आणखी काही तास राहिली असती तर टोकाचा भाग कायमचा गेला असता." हे वाक्य आम्ही मुद्दाम जसेच्या तसे दिले आहे. दोरा, चिंधी, रबर, चिकटपट्टीचा आवळलेला वेढा, यांतले काहीही लिंगाभोवती बांधून रक्त थांबवू नये. बोटांनी दाब द्यावा. बोटांना दुखले की ती सोडता तरी येतात, गाठ झोपेतही आवळलेलीच राहते.

ड्रेसिंग उघडल्यावर दिसणारी सूज

नवे ड्रेसिंग सोमवारी काढायचे होते. ते जखमेला चिकटले होते. मामूंनी या वेळी कागद एका ओळखीच्या शिक्षकाकडून वाचून घेतला होता. त्यात लिहिल्याप्रमाणे त्यांनी त्याला बादलीतल्या कोमट पाण्याने दहा-पंधरा मिनिटे ड्रेसिंग ओले करायला सांगितले. भिजल्यावर गॉज आपोआप सुटली. कोरडी ओढली असती तर खपली आणि टाका दोन्ही निघाले असते.

आत जे दिसले त्याने तो पुन्हा घाबरला. टोकाच्या मागे, टाक्यांच्या रेघेपाशी, गाडीच्या टायरसारखे गोल फुगलेले कडे होते. खालच्या बाजूला ते जास्तच पुढे आले होते आणि पाणी भरल्यासारखे मऊ लागत होते. मुळापर्यंत निळे-जांभळे डाग पसरले होते. "आपले कायमचे बिघडले," असे त्याला वाटले.

यातले काहीही बिघडलेले नव्हते. लिंगावरची कातडी फार सैल असते. तिच्यातून द्रव वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या शस्त्रक्रियेत कापल्या जातात. नव्या वाटा तयार होईपर्यंत तो द्रव टाक्यांच्या पुढे, सर्वांत सैल जागी म्हणजे खालच्या बाजूला साचतो. ही सूज पहिल्या दिवशी थोडी असते, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत वाढते आणि मग हळूहळू उतरू लागते. ठळक सूज दोन आठवड्यांत जाते. थोडासा फुगवटा मात्र सहा आठवडे, काहींना त्याहूनही अधिक दिवस राहतो. संध्याकाळी, दिवसभर उभे राहिल्यावर ती जास्त दिसते आणि सकाळी कमी. निळे डाग इंजेक्शनच्या आणि शस्त्रक्रियेच्या जागी कातडीखाली झिरपलेल्या रक्ताचे असतात. ते हिरवट, पिवळे होत दोन आठवड्यांत विरतात.

मग घाबरवणारी सूज कोणती? तिच्या तीन खुणा. पहिली, ती काही तासांत भराभर वाढते. दुसरी, ती एका बाजूला, कडक आणि गडद जांभळी असते. आत रक्त साचत असल्याची ही खूण आहे. तिसरी, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर उतरायला लागलेली सूज पुन्हा वाढू लागते आणि सोबत दुखणेही वाढते. या तिन्हींत त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रोजची निगा

ड्रेसिंग निघाल्यावर दिवसातून एकदा स्वच्छ कोमट पाण्याची धार सोडून जखम धुवावी. साबण अंगाला लावावा, जखमेवर चोळू नये. मग स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम किंवा साधी व्हॅसलीन पातळ थरात टाक्यांवर आणि टोकावर लावावी, म्हणजे चड्डी चिकटत नाही. टोकाची कातडी आजवर झाकलेली होती. उघडी पडल्यावर तिला कपड्याचा स्पर्शही झोंबतो. एक-दोन आठवड्यांत हा झोंबरेपणा कमी होतो.

इस्तिंजाला पाणी वापरायला हरकत नाही, पण ओतून आणि हलक्या हाताने. नंतर टिपून कोरडे करावे. ओल राहू देऊ नये. ड्रेसिंग असेपर्यंत ते भिजवू नये. पट्टीवरून मसह करावा की तयम्मुम, हे आपापल्या मसलकाप्रमाणे इमामसाहेबांना विचारून घ्यावे. वाकताना ताण येत असेल तर काही दिवस नमाज बसून पढण्याबद्दलही त्यांनाच विचारावे. पोहणे, तलावात किंवा टबात डुंबणे जखम पूर्ण भरेपर्यंत नको.

जखमेवर हळद, राख, तंबाखू, खोबरेल, पावडर, डेटॉल यांतले काहीही लावू नये. डेटॉलसारख्या औषधाने नवी कातडी भाजते. राख आणि शेण यांतून धनुर्वाताचे जंतू जातात. आफ्रिकेतल्या काही देशांत मोठ्या वयाच्या पुरुषांची खतना मोठ्या संख्येने झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली एचआयव्हीचा प्रसार कमी करण्यासाठी तिची शिफारस केली होती. तिथे खतनेनंतर धनुर्वाताचे रुग्ण आढळले, त्यांतल्या काहींनी जखमेवर असेच घरगुती उपाय केले होते. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवत नसेल, तर शस्त्रक्रियेआधीच विचारावे.

तिसऱ्या ते सातव्या दिवसात टोकावर आणि टाक्यांच्या रेघेवर पिवळसर, ओलसर पापुद्रा येतो. अनेकांना तो पू वाटतो आणि ते तो खरवडून काढतात. तो भरणाऱ्या जखमेचा थर असतो, त्याला वास नसतो, त्याला हात लावू नये. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांत विरघळतात किंवा गळून पडतात. हल्ली काही ठिकाणी टाक्यांऐवजी स्टेपलर वापरतात. त्याच्या बारीक तारा किंवा कडेही आपोआप सुटते, ओढू नये. एखादा टाका लवकर सुटून छोटीशी फट पडली आणि रक्त येत नसेल, तर ती जागा आतून भरून येते. फट नखाहून मोठी असेल तर दाखवावी.

पू आणि ताप

जंतुसंसर्ग झाला तर तो सहसा तिसऱ्या दिवसानंतर, पहिल्या आठवड्यात दिसू लागतो. याची ओळख दिशेवरून करावी. साध्या जखमेचे दुखणे रोज थोडे कमी होत जाते. संसर्ग झालेल्या जखमेचे आज कालच्यापेक्षा जास्त असते. सोबत लाली टाक्यांपासून मुळाकडे किंवा पोटाकडे पसरते, जागा गरम लागते, घट्ट, दुर्गंधी असलेला पू येतो आणि ताप १००.४ अंशांच्या वर जातो. यांतल्या दोन खुणा दिसल्या तरी दुकानातून मलम किंवा प्रतिजैविक गोळ्या आणून दिवस ढकलू नयेत. मधुमेह असलेल्यांनी तर एकाच खुणेवर जावे. साखर वाढलेली असताना या भागातला संसर्ग तासातासाने पसरू शकतो. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी साखर आटोक्यात आणलेली असावी आणि नंतरचे दोन आठवडे ती घरी तपासत राहावी.

घरातल्यांना पटकन पाहता यावे म्हणून लगेच दवाखान्यात नेण्याच्या खुणा एकत्र देतो :

- दहा-दहा मिनिटे दोनदा दाब देऊनही न थांबणारे रक्त
- टोक निळे, काळे किंवा थंड पडणे
- पोट भरूनही लघवी न होणे
- काही तासांत वाढणारी कडक, जांभळी सूज
- पसरणारी लाली, दुर्गंधीचा पू, ताप

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी, आठवड्याने आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवण्याची पद्धत आहे. बरे वाटते म्हणून यांतली भेट चुकवू नये.

निकाहची तारीख

सोमवारी मामू आणि तरुण दवाखान्यात गेले तेव्हा निकाहला अठरा दिवस उरले होते. डॉक्टरांनी साफ सांगितले की पत्नीशी संबंध शस्त्रक्रियेपासून सहा आठवडे तरी नको. बाहेरून जखम तीन आठवड्यांत बुजलेली दिसते, पण आतले जोड तेव्हा कच्चे असतात. ते फाटले की पुन्हा रक्त, पुन्हा टाके, आणि न भरलेल्या जखमेतून दोघांनाही संसर्गाचा धोका. कामाबद्दल ते म्हणाले की बसून करायचे काम आठवड्याने चालेल. लेथवर आठ तास उभे राहणे, वजन उचलणे आणि मोटारसायकल दोन ते तीन आठवडे नको, सायकल चार आठवडे नको.

मामू दोन दिवस विचारात होते. तारीख पुढे ढकलावी तर कारण काय सांगायचे? शेवटी त्यांनी आधी अम्मीला सारे सांगितले. ती रडली, पण रागावली ती एकाच गोष्टीवर, त्या रात्री आपल्याला उठवले नाही यावर. मग मामू एकटेच मुलीच्या वडिलांकडे गेले आणि मुलाची छोटी शस्त्रक्रिया झाली आहे एवढेच म्हणाले. वडील समजूतदार निघाले. निकाह ठरल्या तारखेला मशिदीत साधेपणाने झाला आणि रुखसती पाच आठवडे पुढे नेली. तोवर सहा आठवड्यांची शेवटची तपासणीही झाली होती.

तो तरुण आता लेथवर परत आहे. आमच्याशी बोलताना त्याने खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला. त्याच्या मागे मामूंनी शिक्षकाकडून मराठीत लिहून घेतले होते. वरच दोन ओळी मोठ्या अक्षरांत होत्या : "बांधायचे नाही, दाबायचे. रात्री कितीही वाजले तरी मला फोन करायचा." खाली मामूंचा नंबर होता. गेल्या महिन्यात कारखान्यातला एक सहकारी याच शस्त्रक्रियेला जाणार होता. तरुणाने त्या कागदाची झेरॉक्स काढून त्याला दिली आणि मामूंच्या नंबराजागी आपला नंबर लिहिला.